काकांचं बोट

दोन हजार बाट हवे होते. बँकॉकच्या प्रतुनामला बायको दोन पर्स खांद्याला लावून उभी, दुकानदारीण रोखीवर अडून बसलेली. मी एटीएमकडे पळालो.

पहिल्याच पडद्यावर मशीनने सांगितलं, परदेशी कार्डाला २२० बाट फी. शंभर काढा नाहीतर वीस हजार, फी तेवढीच. शहाण्या माणसाने एकदाच भरपूर काढावेत. पण हातात भरपूर आले की पर्सा चार होतात, हेही शहाण्या माणसाला कळतं.

मग दुसरा पडदा. रुपयांत कापू का? दर एका बाटला २.८१. खाली दोन बटणं, Accept आणि Decline. सकाळीच मोबाइलवर दर पाहिला होता, २.६०. म्हणजे रुपयांचं गाजर दाखवून मशीनवाला आठ टक्के खाणार. मी Declineकडे बोट नेलं.

"अहो, अहो! काय करताय!"

मागे टूर कंपनीची पिवळी टोपी, छातीवर ओळखपत्र आणि कपाळावर घाम. सांगलीचे काका. ओळख नव्हती, पण ओळखपत्र होतं.

"डिक्लाईन म्हणजे नकार. पैसे कसे येतील?"

"काका, नकार फक्त दराला आहे. पैसे येतातच. मग हिशोब आपली बँक करते."

"बँक? आणि तुम्ही बँकेवर विश्वास ठेवता?"

इथे मी गप्प झालो, कारण मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. माझी बँक साडेतीन टक्के मार्कअप घेते आणि त्या मार्कअपवर जीएसटी. तोही नुसत्या दोन हजारांवर नाही, मशीनची फी धरून २,२२० बाटवर. हमालीवर हमाली! शिवाय दर खेपेला दीडशे रुपये, त्यावरही जीएसटी, म्हणजे १७७.

"रुपये दिसतायत ना समोर? आपलं चलन आहे. लाजायचं कशाला?" असं म्हणत काकांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि Accept दाबलं.

मशीन घरघरलं. नोटा आल्या. पाठोपाठ मोबाइल थरथरला: ६,२३८ रुपये वजा. Decline दाबलं असतं तर मार्कअप आणि त्याचा जीएसटी धरूनही ६,०१० झाले असते. दोनशे अठ्ठावीस रुपये काकांच्या बोटाचे. बँकेचे १७७ दोन्हीकडे होतेच, ते रात्री सवडीने कापले गेले. ५,२०० रुपयांच्या नोटांना मी ६,४१५ मोजले आणि यातला एकही माणूस चोर नाही, सगळं पडद्यावर किंवा बँकेच्या शुल्कपत्रकात लिहिलेलं आहे. याचाच जास्त राग येतो.

"बघा, आले की नाही?" काका विजयी.

"तुमचं कार्ड कुठलं?" मी दात आवळून विचारलं.

"छे, मी नाही बाळगत. फार फसवतात हो त्यात." मग नोटांकडे बघत, "शंभर सुटे असतील का? शहाळं घेतो."