काकूंचा मेसेज मीच बिघडवला होता

सोलापूरच्या नवी पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, बिलं, पत्रिका टाइप करता करता लोक हळूच फोन पुढे करतात, "एवढा मेसेज जरा चांगला करून दे की." मी वर्षानुवर्षं तो चांगला करून देत आलो. गेल्या महिन्यात कळलं, त्यातले कितीतरी मी बिघडवूनच दिले असणार.

साखर पेठेतल्या एक काकू घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकतात. पुण्याच्या एका ताईंची चार किलो चटणीची ऑर्डर होती, हजार रुपये आगाऊ आलेले. नेमकं कांडपाचं मशीन बंद पडलं. काकूंनी फोनवर लिहिलेलं असं होतं:

"ताई मशीन बंद पडलंय ओ दोन दिवस हातानं कुटून चार किलो होईना उद्या दोन टाकते बाकीची नंतर पैशाचं बघू भाकरी झाल्यात रागावू नका"

मी त्याचं हे केलं:

"नमस्कार. तांत्रिक अडचणीमुळे आपल्या ऑर्डरच्या पूर्ततेस विलंब होत असून त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. उर्वरित माल लवकरात लवकर पाठविण्यात येईल."

तासाभरात ताईंचा फोन आला. "काकू, बऱ्या आहात ना? धंदा दुसऱ्या कुणाला दिलात का?" त्या ऑर्डर रद्द करायच्या बेतात होत्या. काकू मला काही बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर लागून राहिलं.

दोन्ही मेसेज शेजारी ठेवून पाहिले. माझ्या मेसेजात मशीन नाही, हातानं कुटणं नाही, दोन किलो नाही, भाकरी तर गायबच. म्हणजे आवाज गेला तो गेलाच, सोबत माहितीही गेली. "तांत्रिक अडचण" म्हटलं की ती कुणाचीही असते. बंद पडलेलं मशीन आणि हातानं कुटणारी बाई ही काकूंचीच. घरात एकटी राबणारी बाई माझ्या वाक्यात "आम्ही" झाली, आणि "टाकते" या शब्दातला तिचा शब्द "पाठविण्यात येईल"मध्ये कुणाचाच राहिला नाही.

पण काकूंचा मूळ मेसेज जसाच्या तसा पाठवावा, असंही मी म्हणणार नाही. त्यात खऱ्या अडचणी होत्या. "उद्या" कधीचं? ताईंनी मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला तर एक दिवस चुकला. "नंतर" म्हणजे कधी? "पैशाचं बघू" यातून आगाऊ रक्कम परत मिळणार की उरलेले आत्ताच द्यायचे, काहीही निघतं. आणि पूर्णविराम नसल्यामुळे "बाकीची नंतर पैशाचं" एकात एक गुंतलं होतं. दुरुस्ती एवढ्याच जागी हवी होती. मी काकूंना विचारलं, "उद्या म्हणजे कुठला वार? पैशाचं काय म्हणायचंय तुम्हाला?" त्या जे तोंडानं बोलल्या, तेच क्रियापद उचललं:

"ताई, कांडपाचं मशीन दोन दिवस बंद पडलंय ओ. हातानं कुटून चार किलो होईना. दोन किलो चटणी आणि सगळ्या भाकरी शनिवारी कुरिअरला टाकते. राहिलेली दोन किलो मंगळवारी टाकते. बाकीचे पैसे सगळं हातात पडल्यावर द्या. रागावू नका."

मग तो काकूंनाच मोठ्यानं वाचायला लावला. ही माझी आता सवयच झाली आहे. माणूस जिथं अडखळतो तो शब्द माझा, त्याचा नाही. पहिला मेसेज वाचताना काकू "पूर्ततेस"वर दोनदा थांबल्या होत्या, आणि मला वाटलं होतं चष्मा नसेल. दुसरं म्हणजे, पुढच्यानं लगेच फोन केला तर हेच वाक्य त्याच माणसाच्या तोंडून निघेल का, हे बघायचं.

उलट चूकही होते. एका पोराचा मित्राला पाठवायचा मेसेज मी मुद्दाम सोलापुरी केला, "काय करालास बे" वगैरे घालून. तो म्हणाला, "बोलतो मी असं, लिहीत नाही." बरोबर होतं त्याचं. माणूस बोलतो एक आणि लिहितो थोडं वेगळं. म्हणून आता आधी त्याच माणसाला पाठवलेले जुने दोन-तीन मेसेज दाखवायला सांगतो. ताई म्हणतो की मॅडम, "तुम्ही" की "आपण", निरोप कसा घेतो, सगळं तिथं दिसतं. बँकेचा किंवा महापालिकेचा अर्ज असेल तर गोष्ट निराळी, तिथं "विनंती अर्ज" हीच रीत आहे आणि ती मी मोडत नाही.

काकूंनी नवा मेसेज पाठवण्याआधी फोन माझ्या हातातून घेतला आणि खाली एका बोटानं टाइप केलं, "यंदा मिरची तिखट हाय दही घालून खावा." मी "हाय"ला हात लावला नाही.