एकाच थकबाकीची तीन पत्रे

आमचे भोसरीला चार सीएनसी लेथचे छोटे युनिट आहे. यजमान मशीनवर आणि मी टेबलावर, अशी विभागणी गेली अकरा वर्षे चालत आली आहे. माझ्या टेबलावरचे सर्वांत नाजूक काम म्हणजे थकलेल्या बिलासाठी लिहायची ईमेल. अशा प्रत्येक ईमेलचे मी तीन मसुदे करते, एक सौम्य, एक सरळ आणि एक कडक, आणि त्यांतला एकच पाठवते. एका ओळखीच्या उद्योजिकेने परवा विचारले की हा वेळेचा अपव्यय नाही का? तिला दिलेले उत्तर लांबले, म्हणून ते इथे लिहीत आहे.

उदाहरण २०२४ मधले घेते. कोल्हापूरकडच्या एका शेती अवजारे बनवणाऱ्या कंपनीला आम्ही ४०० पिना पुरवल्या होत्या. दर ८०० रुपये, म्हणजे ३,२०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल ३,७७,६०० रुपयांचे झाले. माल ६ जूनला त्यांच्या स्टोअरमध्ये पोचला. ऑर्डरमध्ये ४५ दिवसांची मुदत लिहिलेली होती, ती २१ जुलैला संपली. ९ ऑगस्टला, शुक्रवारी, मी लिहायला बसले तेव्हा मुदत उलटून १९ दिवस झाले होते. गणपती ७ सप्टेंबरला होते आणि त्याआधी कामगारांना उचल द्यायची होती. त्या कंपनीची पेमेंट दर बुधवारी निघतात हे मला माहीत होते, त्यामुळे १४ ऑगस्ट ही तारीख डोळ्यांसमोर होती.

मी नेहमी सरळ मसुदा आधी लिहिते, आणि या क्रमाला कारण आहे. राग आलेला असताना कडक मसुदा आधी लिहिला, तर त्यातले विष पुढे सौम्य मसुद्यातही झिरपते आणि ‘नेहमीप्रमाणे’, ‘अद्यापही’, ‘वारंवार कळवूनही’ असे शब्द मऊ वाक्यांच्या आत लपून बसतात. उलट सौम्य मसुदा आधी लिहिला, तर तारीख आणि रक्कम यांचा उल्लेख करण्याचाच संकोच वाटू लागतो. सरळ मसुद्यात फक्त घडलेले आणि हवे असलेले लिहायचे असते, त्यामुळे तिन्ही पत्रांचा पाया तिथे पक्का होतो. तो मसुदा असा होता:

‘विषय: बिल क्र. ११८, दि. ६ जून २०२४, येणे रक्कम ३,७७,६०० रुपये. सप्रेम नमस्कार. आपल्या ऑर्डरप्रमाणे ४०० पिना ६ जून रोजी आपल्या स्टोअरमध्ये पोचल्या. ठरलेली ४५ दिवसांची मुदत २१ जुलैला संपली आहे. ही रक्कम बुधवार, १४ ऑगस्टच्या पेमेंटमध्ये घ्यावी आणि तसे सोमवारपर्यंत कळवावे. बिल कुठे अडले असल्यास कशामुळे अडले आहे तेही कळवावे, म्हणजे आमच्याकडून लागणारी पूर्तता त्याच दिवशी करू.’

यावरून सौम्य मसुदा करताना मी बिल क्रमांक, रक्कम आणि तारखा यांना हात लावत नाही. बदलतो तो विषय, मागणीच्या वाक्यातले क्रियापद, आणि दोष कुणाच्या पदरात पडतो ते. विषयात ‘येणे रक्कम’ जाऊन ‘बिल क्र. ११८ बाबत माहिती हवी’ असे येते. ‘घ्यावी’ आणि ‘कळवावे’ यांच्या जागी प्रश्न येतो: ‘बिलाची जीआरएन झाली आहे का आणि ते अकाउंट्सकडे पोचले आहे का, एवढे पाहून सांगाल का? १४ तारखेच्या पेमेंटमध्ये बसले तर गणपतीच्या आधी आमची मोठी सोय होईल.’ जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद. मुदत संपल्याचा उल्लेख राहतो, पण मागणीनंतर, जाता जाता केल्यासारखा. मराठीत ही सोय चांगली आहे. ‘द्या’, ‘द्यावे’, ‘द्याल का’, ‘देता आले तर बरे होईल’ या चार पायऱ्यांवर केवळ क्रियापदाने चढता-उतरता येते. त्यासाठी प्रत्येक ओळीत ‘कृपया’ पेरण्याची गरज नसते. ते ‘जंटल रिमाइंडर’ तर मी विषयातून कधीच काढून टाकले आहे. तिसऱ्या खेपेला ते वाचणाऱ्याला टोमणाच वाटतो.

कडक मसुद्याबाबत माझे मत अनेकांना पटत नाही. पत्र विशेषणांनी किंवा ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘खेदाने नमूद करावे लागते की’ अशा कचेरीच्या भाषेने कडक होते असे मला वाटत नाही. त्याने फक्त धुरळा उडतो. पत्र कडक होते ते परिणाम आणि तारीख एका वाक्यात आल्यामुळे, आणि ते पत्र आणखी कोणाला जाते आहे त्यामुळे. माझ्या मसुद्यात विषयापुढे ‘मुदत उलटून १९ दिवस’ एवढेच वाढले आणि सरळ मसुद्याची पहिली तीन वाक्ये तशीच राहिली. पुढे हे आले:

‘सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार लेखी कराराची मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. १४ ऑगस्टपर्यंत रक्कम जमा न झाल्यास कलम १६ नुसार २२ जुलैपासूनचे व्याज आम्ही मागू आणि कलम १८ नुसार समाधान पोर्टलवर अर्ज दाखल करू. आमचा उद्यम नोंदणी क्रमांक खाली दिला आहे.’

प्रत मालकांना आणि अकाउंट्स प्रमुखांना. कलम १६ चे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट असते आणि ते दरमहा चक्रवाढीने वाढते. त्या वेळी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वार्षिक २०.२५ टक्के आणि आमच्या बिलावर पहिल्याच महिन्याचे ६,३७२ रुपये. हा आकडा मी काढून ठेवला होता, पण मसुद्यात घातला नाही. कारण आकडा आला की पुढचे पत्र व्याजावरून भांडणारे होते आणि मूळ रक्कम मागे पडते. अर्ज करण्याची खरोखर तयारी नसेल, किंवा छोटा उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या नंतरची असेल, तर हे वाक्य लिहूच नये. समोरचा अकाउंटंट हे आपल्यापेक्षा लवकर तपासतो, आणि पोकळ धमकी एकदा उघडी पडली की पुढची दोन वर्षे आपल्या सरळ पत्रालाही कोणी जुमानत नाही.

आता निवड. मी स्वतःला दोन प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरे रुपयांत मांडायचा प्रयत्न करते. पैसे आणखी पंधरा दिवस उशिरा आले तर माझे काय बिघडेल? आणि हा माणूस दुखावला तर काय बिघडेल? पहिल्याचे उत्तर स्पष्ट होते: ओव्हरड्राफ्टमधून उचल द्यावी लागली असती, म्हणजे थोडे व्याज आणि पुष्कळ चिडचिड, पण धंदा थांबला नसता. दुसऱ्याचे उत्तर अधिक जड होते. आमच्या वर्षाच्या कामातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या कंपनीचा होता, आणि खरेदी विभागातले साहेब सहा वर्षांपासून आमच्या बाजूने बोलत आले होते. कडक पत्राची प्रत मालकांना गेली असती, तर सगळ्यात आधी या साहेबांनाच उत्तर द्यावे लागले असते. म्हणून कडक मसुदा बाजूला पडला.

मग सौम्य का नाही? नाते पाहता तोच योग्य वाटेल, आणि यजमानांचा आग्रहही त्याचाच होता. पण नाते साहेबांशी होते, पेमेंट मात्र अकाउंट्समधून निघणार होते. साहेब त्या ईमेलचे स्वतः काहीच करणार नव्हते, ते ती पुढे ढकलणार होते. सौम्य पत्र पुढे ढकलले गेले की अनोळखी वाचणाऱ्याला त्यातली माया दिसत नाही, फक्त ‘घाई नाही’ एवढेच दिसते. सरळ पत्र तिसऱ्या माणसाच्या हातातही तेच काम करते. तेव्हा सरळ ईमेल पाठवली, आणि ती पाठवण्याआधी साहेबांना फोन करून गणपतीची अडचण सांगितली. सौम्य मसुद्यातला मऊपणा वाया गेला नाही, तो फोनवर वापरला.

सोमवारी उत्तर आले. त्यांच्या स्टोअरने १२ पिना व्यासात बसत नाहीत म्हणून बाजूला काढल्या होत्या, त्यामुळे जीआरएन ३८८ ची की ४०० ची यावर बिल अडले होते, आणि हे आम्हाला कळवायचे राहून गेले होते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असे कायदा धरतो, तेव्हा मला वादाला जागा होती. पण पिना खरोखर मापात चुकल्या असतील तर तो वाद जिंकून मी काय मिळवणार होते? १२ पिनांची ११,३२८ रुपयांची क्रेडिट नोट त्याच संध्याकाळी पाठवली आणि बुधवारी ३,६६,२७२ रुपये जमा झाले. कडक मसुदा गेला असता तर आमच्याच नाकारलेल्या पिनांसह कलम १६ मालकांच्या टेबलावर गेले असते. ‘बिल कशामुळे अडले आहे ते कळवावे’ हे वाक्य मी आता तिन्ही मसुद्यांत ठेवते, कडकमध्येसुद्धा.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत बसत नाही. शेजारच्या गाळ्यातल्या काकांकडे १८,००० रुपये येणे होते. त्यांना कोणत्याही सुरातली ईमेल पाठवली असती तरी ती नोटीसच ठरली असती. तिथे चहा घ्यायला जावे लागते.

कडक मसुदा मी फेकला नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दुसऱ्या एका मोठ्या ग्राहकासाठी, तारखा आणि रक्कम बदलून, तो काढला. तिथे पाच महिने उलटले होते, दोन सरळ पत्रांना उत्तर नव्हते, आणि ओळखीचे अधिकारी सोडून गेले होते. त्यात एकच वाक्य वाढवले: प्राप्तिकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाला मुदतीबाहेर थकवलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत प्रत्यक्ष दिली नाही, तर खरेदीदाराला ती त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे वाक्य धमकीसारखे न लिहिता ‘आपल्या अकाउंट्स विभागाच्या माहितीसाठी’ एवढ्या शब्दांनी सुरू केले, कारण त्यातला फटका आमच्या हातात नव्हता, कायद्यात होता. हा नियम लागू झाला तेव्हाच, खरेदीदार छोट्यांना सोडून मध्यम उद्योगांकडे ऑर्डरी वळवतील, अशी भीती आमच्या भागात बोलली जात होती. यजमानांनी तीच आठवण करून दिली. पत्र पाठवण्याआधी आम्ही त्या ग्राहकाचे पुढच्या वर्षीचे काम शून्य धरून हिशेब केला आणि तो जमत होता. पैसे २८ मार्चला आले. नवीन ऑर्डर आली नाही.