"आय-फाइव्हच आहे की, मॅडम!"

काल रात्री साडेदहापर्यंत बसून तीन दुकानांना एक ईमेल लिहिला. पाच डेस्कटॉप, पाच मॉनिटर, ऑफिससाठी, कोटेशन पाठवा. अर्धा तास फक्त स्पेसिफिकेशन लिहायला गेला. आज सकाळी पहिलं उत्तर आलं तेही ईमेलवर नाही, व्हॉट्सॲपवर: "मॅडम ५ पीसी आय फाइव्ह फुल सेट ३८५०० फायनल. कधी पाठवू?"

कधी पाठवू! अरे बाबा, काय पाठवणार आहेस ते तरी सांग. मी आय-फाइव्ह मागितलाच नव्हता. ईमेल उघडून वाचलाय तरी का?

माझं डोकं का फिरलं ते जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे, पण पुन्हा सांगते. २०२१ साली मी याच कामासाठी दोन ओळींचा मेल केला होता. "३ कॉम्प्युटर, आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी, मॉनिटरसह. कोटेशन पाठवावे." तीन ठिकाणांहून भाव आले, सगळ्यात स्वस्त होता तो घेतला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. नवेकोरे काळे कॅबिनेट, पुढे निळा दिवा, वर आय-फाइव्हचा स्टिकर. ऑफिसातल्या काकांनी हळदकुंकू वाहून नारळ फोडला.

२०२५च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, विंडोज १०चा सपोर्ट संपला. म्हटलं विंडोज ११ टाकून घेऊ. तिन्ही मशीनवर तोच निरोप, हा पीसी चालणार नाही. भाच्याने टास्क मॅनेजर उघडला आणि हसायलाच लागला. प्रोसेसरचं नाव होतं i5-3470. इंटेलने तो २०१२ साली बाजारात आणला होता. म्हणजे २०२१ साली मी नऊ वर्षांपूर्वीचा प्रोसेसर नवीन म्हणून घेतला होता. कुठल्यातरी जुन्या मशीनमधून काढलेला, अनोळखी कंपनीच्या नव्या एच-६१ मदरबोर्डवर बसवलेला. रॅमसुद्धा जुनी, डीडीआर-३. नवीन काय होतं? कॅबिनेट, मदरबोर्ड आणि तो निळा दिवा.

बिल घेऊन तणतणत दुकानात गेले. त्याने बिल पाहिलं, माझा जुना मेलही शोधून काढला आणि शांतपणे म्हणाला, "आय-फाइव्हच आहे की, मॅडम."

आणि खरंच होता. हे मला अजून पचलेलं नाही.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती आडनावं झाली हो. कोणत्या पिढीचा, ते पुढच्या आकड्यात असतं. 3470 मधला पहिला 3 म्हणजे तिसरी पिढी. 12400 मधले 12 म्हणजे बारावी. विंडोज ११ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. मी मेलमध्ये पिढी लिहिलीच नव्हती, मग त्याने सोयीची लावली. बाराव्या पिढीतला साधा आय-थ्रीसुद्धा (i3-12100, चार कोअर, आठ थ्रेड) माझ्या त्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरमध्ये उघडलेली जीएसटीची दहा पानं, एवढंच तर आमचं काम. म्हणून या वेळी मी आय-थ्रीच मागितला. ऐकून लोकांना वाटतं मी कंजूषपणा करतेय.

तर कालचा मेल इथेच टाकते. कुणाला हवा असेल तर उचला.

विषय: ५ डेस्कटॉप व ५ मॉनिटरसाठी कोटेशन

नमस्कार,
आमच्या ऑफिससाठी खालीलप्रमाणे ५ नग हवेत. प्रत्येक भागाची कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून कोटेशन ईमेलवर पाठवावे.

प्रोसेसर: इंटेल आय-थ्री, बारावी पिढी किंवा नंतरची, नवीन, सीलबंद. नावाच्या शेवटी F असलेला नको.
रॅम: ८ जीबी डीडीआर-४, एकच स्टिक, दुसरा स्लॉट मोकळा. १६ जीबीचा भाव वेगळ्या ओळीत द्यावा.
एसएसडी: ५१२ जीबी, एनव्हीएमई.
विंडोज ११ प्रो, अधिकृत लायसन्ससह. लायसन्सचा उल्लेख बिलावर हवा.
मॉनिटर: २१.५ इंच, 1920×1080, आयपीएस, एचडीएमआय पोर्ट व केबलसह.
कीबोर्ड, माउस: वायरचे.
वॉरंटी: ३ वर्षे. ऑफिसात येऊन दुरुस्ती, की मशीन दुकानात आणून द्यायचे, ते स्पष्ट लिहावे.
भाव जीएसटीसह व जीएसटीशिवाय, दोन्ही द्यावेत. कोटेशन किती दिवस ग्राह्य, किती दिवसांत डिलिव्हरी आणि पेमेंटच्या अटी कळवाव्यात. बिल आमच्या जीएसटी नंबरवर हवे.

बस्स. यात काय अवघड आहे? एकेक शब्द मी ठेच खाऊन लिहिलाय.

त्या F चंच बघा. त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. थोडा स्वस्त मिळतो, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड घातलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसत नाही. आमच्या शेजारच्या ऑफिसात हे घडलं. दोन दिवस बिचारे केबल बदलत बसले होते.

मॉनिटरचं तसंच. नुसतं "एलईडी मॉनिटर" लिहिलं की साडेएकोणीस इंची 1600×900 येतो. तो वाईट नाही. पण एक्सेलमध्ये जुळवणी करताना उजवीकडचे कॉलम सारखे सरकवावे लागतात आणि आमच्या ताई दिवसभर ते सरकवतात. त्यांची मान धरली ती उगाच नाही.

विंडोजचं मात्र मी फोन करून विचारलंच. म्हटलं, "३८,५०० मध्ये विंडोज आहे का?" म्हणतो, "टाकून देतो ना मॅडम, त्याची काळजी नको." टाकून देतो! २०२१ सालीही हेच शब्द होते, याच सुरात. मग एका महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, तीनपैकी दोन स्क्रीन काळ्या आणि कोपऱ्यात "Activate Windows". त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मशीन आलं की Windows आणि R ही बटणं एकत्र दाबा आणि हे टाइप करा:

```
slmgr /dli
```

त्यात VOLUME_KMSCLIENT असं दिसलं तर समजा, कुठल्यातरी मोठ्या संस्थेला असते तशा लायसन्सचं सोंग तुमच्या पाच मशीनच्या ऑफिसात आणून बसवलंय. OEM किंवा RETAIL दिसायला हवं. तेही दिसलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही, कारण हल्लीच्या जुगाडात तेही दिसू शकतं. म्हणून लायसन्स बिलावर हवं. सगळ्यांनाच फुकटचं विंडोज गोड लागतं हे मलाही कळतं, मीही चार वर्षं वापरलंच की. पण लोकांची रिटर्न्स त्याच मशीनवर आहेत.

बरं, ते "३८,५०० फायनल"? फोनवर कळलं की जीएसटी वेगळा. १८ टक्के लावले की एका सेटचे ४५,४३०. कीबोर्ड-माउस वेगळे. विंडोज तर "टाकून देतो" वालं. दुपारी दुसऱ्या दुकानाचं कोटेशन आलं, ईमेलवर, मॉडेल नंबरांसकट. एका सेटला ५१,९००, सगळं धरून, लायसन्ससकट. फरक ६,४७०चा. विंडोज प्रोचं लायसन्स एकट्यानेच त्याहून महाग पडतं. मग स्वस्त कोण झाला? जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे मला सांगू नका, माझा धंदाच तो आहे. पण दोन भाव एका पायावर आणल्याशिवाय तुलना करायची कशी?

इथवर रागारागात टाइप करत होते. मग संध्याकाळी घरी येताना त्या व्हॉट्सॲपवाल्याच्या दुकानासमोरच गाडी थांबवली. भांडायलाच गेले होते. हाच तो २०२१वाला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

त्याने चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखे महिन्याला दहा जण मेल करतात. मी तासभर बसून मॉडेल नंबरांसकट कोटेशन करतो. तेच कोटेशन पलीकडच्या दुकानात दाखवून दोनशे रुपयांसाठी लोक तिकडून घेतात. आता तर रॅमचे भाव असे वर चाललेत की सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही. लिहून कशाला देऊ?"

मी गप्प. कारण २०२१ साली मीसुद्धा दुसऱ्याचं कोटेशन दाखवूनच याच्याकडून भाव पाडून घेतला होता. जितका पाडला तितकं त्याने आतून काढलं. पाडताना मीच म्हटलं होतं म्हणे, "आय-फाइव्ह असला म्हणजे झालं." मला आठवत नाही. त्याला आठवतंय.

तरीही. मी विचारलं नाही म्हणून नऊ वर्षांपूर्वीचा प्रोसेसर नवीन डब्यात घालून द्यायचा, हे काही बरोबर नाही. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. त्याने मान हलवली, हो म्हणाला की नाही ते कळलं नाही. चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत.

निघताना त्याने माझा मेल पहिल्यांदा नीट वाचला. मोबाइलवर, चष्मा कपाळावर चढवून, एकेक ओळ. आणि विचारलं, "मॅडम, टॅलीचा डेटा पाचपैकी कुठल्या मशीनवर राहणार? बाकी चौघं त्यावरूनच चालणार ना? मग त्या एकाला १६ जीबी घ्या. आणि एक यूपीएस. दिवे गेले आणि ते मशीन बंद पडलं तर पाचही जण बसून राहतील, शिवाय डेटा खराब व्हायची भीती."

अर्धा तास लिहिलेल्या मेलमध्ये हे नव्हतं. तीन दुकानांपैकी हे विचारणारा हाच एक निघाला.

घरी येऊन मेलमध्ये एक ओळ वाढवली: "पाचपैकी एका मशीनमध्ये टॅलीचा डेटा राहील. त्यात १६ जीबी रॅम आणि सोबत ६०० व्हीएचा यूपीएस." तिघांनाही पुन्हा पाठवलाय. त्यालाही. उत्तर ईमेलवरच द्यायचं, असं या वेळी विषयाच्या ओळीतच लिहिलंय.