रात्रपाळीचा पंच कोणत्या तारखेचा? (प्रतिक्रियेला उत्तर)

«रात्रपाळीसाठी एवढे जादा कॉलम कशाला? तारखेप्रमाणे पहिला पंच इन, शेवटचा आउट, आणि वजाबाकीला MOD लावला की झालं. साध्या कामाचा उगाच बाऊ केलाय.»

हजेरीच्या शीटमधल्या MOD बद्दलचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. इन आणि आउटची जोडी आधीच नीट लागलेली असेल, तर २२:०० ते ०६:०० चे ८ तास MOD अचूक देतो. पण हजेरीचं मशीन जोड्या लावून देत नाही. ते फक्त कर्मचारी क्रमांक आणि वेळ देतं. जोडी लावायचं काम आपलं, आणि रात्रपाळीत चूक तिथेच होते.

मरोळच्या एखाद्या मोठ्या किचनमधला रात्रपाळीचा माणूस घ्या, ड्युटी २२:०० ते ०६:००. १२ तारखेला तो २१:५२ ला आला. सकाळी लोकल रखडल्यामुळे रिलीव्हरला उशीर झाला, म्हणून १३ तारखेला ०७:१० ला सुटला. त्याच रात्री २२:१८ ला आला आणि १४ तारखेला ०६:०४ ला गेला. आता तुमची पद्धत लावून पाहा. १२ तारखेला एकच पंच, म्हणजे शून्य तास. १३ तारखेला पहिला पंच ०७:१०, शेवटचा २२:१८, म्हणजे १५ तास ८ मिनिटं. तो घरी झोपला होता ते तास कामाचे झाले आणि काम केलेली रात्र गैरहजेरीत गेली. शीटमध्ये लाल काहीच दिसत नाही, कारण १५:०८ ही वैध वेळ आहे. ८ तासांच्या पाळीत तास १५-१६ च्या आसपास दिसले, तर इन-आउटची अदलाबदल झाली असं धरून तपासा.

म्हणून मी प्रत्येक पंचाला आधी पाळीची तारीख देतो. ०६:०० ते २२:०० या मोकळ्या वेळेच्या मधोमध, दुपारी २ ला, दिवस कापायचा:

```
=INT(B2-TIME(14,0,0))
```

A मध्ये क्रमांक, B मध्ये तारखेसकट वेळ, C मध्ये हे सूत्र. १३ तारखेच्या ०७:१० मधून १४ तास गेले की १२ तारीख येते. २२:१८ मधून गेले तरी १३ च राहते. मग हजेरीच्या तक्त्यात, F मध्ये क्रमांक आणि G मध्ये पाळीची तारीख असेल, तर इन (H) आणि आउट (I):

```
=MINIFS(B:B,A:A,F2,C:C,G2)
=MAXIFS(B:B,A:A,F2,C:C,G2)
```

दोन्ही वेळांना तारीख चिकटलेली असल्याने तास साध्या वजाबाकीने निघतात, MOD लागतच नाही. सलग तीन पाळ्या करून कुणी २४ तासांनी बाहेर पडला तर MOD त्याचे शून्य तास दाखवेल, हेही ध्यानात घ्या.

लेट मार्कला तर MOD लावूच नका. २१:५२ ला आलेला माणूस ८ मिनिटं लवकर आलाय, MOD त्याला २३ तास ५२ मिनिटं लेट ठरवेल. मी उशीर मिनिटांत काढतो (१३२० म्हणजे २२:००):

```
=ROUND((H2-G2)*1440,0)-1320
```

उत्तर उणे आलं तर वेळेआधी, १० पेक्षा जास्त आलं तर लेट मार्क. १० मिनिटांची सवलत धरली आहे. ROUND काढू नका. तारीख-वेळ अपूर्णांकात साठते, त्यामुळे बरोबर २२:१० ला आलेल्यालाही कणभर फरकाने लेट मार्क बसू शकतो.

ओव्हरटाइम मी पाळी संपल्यापासून मोजतो. १२ च्या रात्रीचे ७० मिनिटं. आधीची ८ मिनिटं त्यात नाहीत, कारण ती कुणी सांगून थांबवलेली नव्हती. १३ च्या रात्री १८ मिनिटं उशीर, एक लेट मार्क, ओव्हरटाइम नाही; जादाची ४ मिनिटं उशिरातच गेली. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, म्हणून त्या सकाळी खोळंबलेल्या माणसाचे ७० मिनिटं शीटमधून गळणं मला अजिबात चालत नाही.

पंच राहून गेला तर? मागेपुढे पाहून जोड्या लावणाऱ्या शीटमध्ये एक पंच चुकला की पुढचा अख्खा महिना एका घराने सरकतो. इथे नुकसान त्या एका पाळीपुरतं राहतं. COUNTIFS ने त्या पाळीचे पंच मोजा. विषम आले तर तास काढूच नका, सुपरवायझरकडे पाठवा.

मर्यादाही आहे. दुपारी २ चा काप फक्त या पाळीचा. सकाळी ७ ते ३ वाल्यांना तो पाळीच्या मधेच पडेल, त्यांना पहाटे ३ चा द्या. पाळी बदलते त्या दिवशी मात्र रोस्टर पाहून हातानेच तपासावं लागतं.

आणि मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे, ही माझ्या मनची रीत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ५७ मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणून महिनाअखेरीस डेटा काढताना पुढच्या महिन्याची १ तारीखही घ्या. ३१ च्या रात्रीचा आउट पंच तिथेच असतो.