डेमो बघून पैसे सोडू नका, आधी जुन्या पट्ट्या टाकून बघा

"सॉफ्टवेअर करून घेताना जास्त किचकट करू नका. 50 टक्के अ‍ॅडव्हान्स, 40 टक्के डेमो बघून, 10 टक्के चालू झाल्यावर. टेस्टिंगच्या कागदावरची सही नुसती फॉर्मॅलिटी असते, काही निघालंच तर वॉरंटीत करून देतात."

असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातलं डेमोचं आधी सांगतो, कारण आम्ही तिथंच फसता फसता वाचलो. लातूरच्या यार्डात आमची आडत, सोयाबीन आणि तूर. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, ती काढायचं सॉफ्टवेअर करून घेत होतो. डेमोला सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोरानं 10 क्विंटल, भाव 4,500 अशी पट्टी काढून दाखवली, 45,000 बरोब्बर आले, दादा तर चेक लिहायलाच बसले. मी म्हणलं थांबा जरा, आणि मागच्या सीझनची वही काढली. पहिलीच पट्टी 13.87 क्विंटल, भाव 4,425. वहीत 61,374.75 आणि स्क्रीनवर 61,507.50. एका पट्टीत 132.75 चा फरक! वजनाचा शेवटचा आकडा गोल करून ते 13.90 धरायलं होतं. 10 क्विंटलच्या पट्टीत हे जन्मात दिसलं नसतं, डेमो देणारा नेहमी असेच गुळगुळीत आकडे घेतो, मुद्दाम करतो असं नाही, हाताला सोपे पडतात म्हणून. मग दोन कॉम्प्युटरवर एकाच वेळी पट्टी सेव्ह करून बघितली तर दोन्हीला एकच नंबर, कारण प्रोग्राम शेवटचा नंबर वाचून त्यात 1 मिळवायचा आणि दोघांनी एकाच क्षणाला तोच नंबर वाचलेला. डेमोला कॉम्प्युटर एकच असतो, तिथं हे कसं कळणार?

म्हणून नंतर हप्ते बदलून घेतले. काम 6 लाखांचं. अ‍ॅडव्हान्स 60 हजार, पट्टीचा भाग पास झाल्यावर दीड लाख, खरेदीदारांची येणी-वसुली पास झाल्यावर दीड लाख, जुना डेटा आणि दोन काउंटर एकदम चालले की 1 लाख 20 हजार, उरलेले 1 लाख 20 हजार एक पूर्ण महिना वहीसोबत चालवून दोन्ही हिशोब जुळल्यावर. "पास" म्हणजे काय हे कराराच्या जोडपत्रात लिहिलं: मागच्या सीझनच्या गर्दीच्या एका दिवसाच्या 40 पट्ट्या टाकायच्या, एकही रुपया-पैशाला चुकता कामा नये, रद्द केलेली पट्टी आणि मधेच लाईट गेल्यावरची एन्ट्री त्यात धरून. पैशाचा आकडा चुकला तर नापास. बटनाचा रंग, स्पेलिंग असलं चाललं तर चाललं, पण यादी आणि तारीख लिहून. एक चूक दुरुस्त केली की 40 च्या 40 पट्ट्या परत टाकायच्या, कारण गोलाई नीट केली तेव्हा हमालीचं गणित बिघडलं होतं, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत दिसलं. दोन फेऱ्या फुकट, तिसऱ्यालाही नापास झालं तर त्या भागाचे पैसे द्यायचे नाहीत आणि करार थांबवायचा हक्क आपला.

आता सही. त्यांच्या मसुद्यात एक ओळ होती, डिलिव्हरीनंतर 7 दिवसांत काही कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरू. सोयाबीनची आवक चालू असताना 7 दिवसांत टेस्ट करायला कोणाला वेळ असतो हो? ते 15 कामाचे दिवस करून घेतलं, आणि मोजायला सुरुवात टेस्टिंगची लिंक व युजर मॅन्युअल दोन्ही हातात आल्यावर. शिवाय बनवणारा उद्यम नोंदणी केलेला मायक्रो किंवा स्मॉल उद्योग असेल तर 2006 चा एमएसएमईडी कायदा आहेच. डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर डिलिव्हरीचाच दिवस स्वीकाराचा धरतात आणि पैशाची मुदत तिथून चालू होते, करारात काहीही लिहा, 45 दिवसांच्या पलीकडं ती जात नाही, उशिराला बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. लेखी हरकत घेतली तर दिवस ती दूर झाल्यापासून. आमचे दादा फोनवर "अहो ते जमेना" म्हणून मोकळे होतात, ती लेखी हरकत नव्हे, मेल टाका, पट्टी नंबर आणि स्क्रीनशॉट जोडा.

वॉरंटीचं तर विचारूच नका. एकाच शेतकऱ्याचे दोन ढीग, ओलावा वेगळा म्हणून भाव वेगळे, पण पट्टी एकच, हे आमच्याकडं रोजचं. पट्टीत दोन भाव बसेनात. ते म्हणले हा बग नाही, नवीन मागणी आहे, वेगळे 25 हजार. वॉरंटी बगची असते आणि बग कशाला म्हणायचं हे लिहिलेली टेस्टच ठरवते. नशिबानं 40 पट्ट्यांत अशा तीन होत्या. त्या जोडपत्राच्या पानावर त्यांचीच सही होती, ते पान पुढं सरकवलं तसे ते 25 हजार गेले.