पाटीवर साडेपाच हजार, हातात पडतं साडेसात

लातूरच्या ट्यूशन एरियात जिकडे बघाल तिकडे ‘हॉस्टेल उपलब्ध, दरमहा ५,५००’ अशा पाट्या लटकलेल्या. मला त्यातलं एक तरी हॉस्टेल दाखवा जे खरोखर महिन्याचे ५,५०० घेतं. दाखवाच. जूनच्या उकाड्यात भाच्याला घेऊन मी तिथली गल्ली अन् गल्ली पालथी घातलीय, त्यामुळे मला उगाच ‘नीट शोधलं नसेल’ म्हणून सांगू नका.

भाचा नीटचा रिपीटर. म्हणजे यंदा तो कुठल्याच कॉलेजात नाही, आणि कॉलेजात नाही म्हणून सरकारी वसतिगृहाचा विषयच संपला, तिथे प्रवेशाचा दाखला लागतो. राहिली खासगी हॉस्टेलं. ही मंडळी हे पुरतं ओळखून असतात. दारात बापाच्या किंवा मामाच्या हातात बॅग दिसली, की यांचा निम्मा सौदा झालेला असतो.

आत गेल्यावर पहिलं कळतं ते हे की ५,५०० ची चार कॉटची खोली ‘कालच फुल्ल झाली’. सगळीकडे कालच. मग तीन कॉटची आहे, ६,५०० ला. बरं, म्हटलं महिन्याच्या महिन्याला देतो. मालक हसला. ‘मामा, महिन्याचं भाडं नसतंय इथं, वर्षाची फी असती.’ सहा हजार पाचशे गुणिले बारा, म्हणजे ७८,०००. त्यातले ५०,००० आत्ता, उरलेले दिवाळीच्या आत. वर नोंदणीचे २,०००, ते परत नाहीत. डिपॉझिट ५,०००, त्यातून जाताना रंगरंगोटीचे २,००० कापणार, हे तर आधीच सांगून टाकलं, प्रामाणिकपणाच म्हणायचा. आता गंमत बघा. पोरगं येणार जूनच्या मध्याला. नीट असते मेच्या सुरुवातीला. आणि यांच्या नियमात लिहिलंय की १५ मेपर्यंत खोली रिकामी करायची. म्हणजे राहणार अकरा महिने, पैसे बाराचे, कारण मेनंतर पुढच्या बॅचसाठी खोल्या धुवायच्या असतात. ७८,००० अधिक नोंदणी, अधिक रंग, झाले ८२,०००. भागिले अकरा. महिन्याला साडेसात हजारांच्या घरात गेलं प्रकरण. पाटीवर साडेपाच! यात मेस नाही. लाईट बिल नाही, त्याला वेगळं सबमीटर आणि युनिटचा दर मालकाच्या मर्जीचा.

आणि एवढ्या पैशात मिळतं काय? दहा बाय बाराची खोली. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत तीच खोली हॉलएवढी दिसत होती, कारण फोटो काढताना आत एकच कॉट होती. प्रत्यक्षात तीन कॉट अशा लावलेल्या की मधल्या पोराला उठायचं तर पायथ्याकडून उतरावं लागतं. ‘प्रत्येकाला स्वतंत्र स्टडी टेबल’ म्हणजे भिंतीत ठोकलेली दीड फुटाची फळी, आणि ती बरोबर कॉटच्या वर, म्हणजे पोरानं मांडी घालून कॉटवरच बसायचं आणि मान वाकवून ऑरगॅनिक केमिस्ट्री करायची, तीही वर्षभर. कपाटाला कुलूप नाही. मजल्यावर पोरं अठरा, बाथरूम दोन. क्लास सातला. मी सरळ गणित मांडून विचारलं, पाच ते पावणेसात या वेळात एकेकाला किती मिनिटं येतात? रेक्टर म्हणे, पोरं ॲडजस्ट करतात. बोअरच्या पाण्याबद्दल विचारणं मी सोडून दिलं. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे ‘चोवीस तास पाणी’ असं पाटीवर लिहिणाऱ्याच्या हिमतीला तरी दाद द्यायला हवी.

डोकं खरं फिरलं ते पावतीवरून. पन्नास हजार रोख मोजून द्यायचे आणि बदल्यात वहीच्या पानावर आकडा आणि सही. ना शिक्का, ना हॉस्टेलचं नाव. पक्की पावती द्या म्हटलं तर, ‘पक्की पाहिजे असंल तर बारा टक्के जीएसटी पडंल.’ म्हणजे आणखी ९,३६०. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, जाऊ द्या हो, कच्चीच घ्या. याच्यावरच यांचं चालतं! माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या मुक्कामावर जीएसटी नाही, जुलै २०२४ पासून ही सूट आहे. साडेसहा हजारांच्या कॉटवर कसला आलाय जीएसटी? हे मी बोलून दाखवल्यावर मालकाचा सूर एकदम बदलला. ‘पावणं, तुम्हाला जमत नसंल तर राहू द्या, संध्याकाळपर्यंत दुसरं कुणीतरी घेईलच.’ ते मात्र खरं होतं, आणि तेच जास्त झोंबलं.

पावतीसाठी एवढा जीव का टाकायचा, तर पोरगं मध्येच सोडून आलं तर. आमच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी सप्टेंबरात टायफॉइडनं घरी आली ती परत गेलीच नाही. वर्षाची फी भरलेली. रिकाम्या कॉटवर पंधरा दिवसांत दुसरी मुलगी आली, तिच्याकडूनही पैसे घेतले, आणि याला उत्तर काय तर ‘नॉन-रिफंडेबल’. एक कॉट, दोन भाडी! केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची, आणि तो कोचिंगच्याच हॉस्टेलात राहत असेल तर हॉस्टेल आणि मेसचे पैसेही. पण ही ‘कोचिंगच्याच हॉस्टेलात’ची अट म्हणजे यांना मोकळं रान. क्लासच्या काउंटरवर बसलेली बाई स्वतःच्या हातानं हॉस्टेलचं कार्ड देते, ‘आपलंच आहे’ म्हणते, पण पैसे घेताना हॉस्टेल कुणा मेव्हण्याच्या नावावर असतं. उद्या भांडायला गेलात तर क्लासवाले म्हणणार, आमचा काय संबंध? म्हणून पैसे देण्याआधी पावती कुणाच्या नावाची फाडणार ते विचारा, आणि ‘आपलंच आहे’ हे त्या बाईकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी बोलणं तिथं दार ओलांडेपर्यंतही टिकत नाही.

काहीजण सांगतात, मग तीन-चार पोरांनी मिळून फ्लॅट घ्यावा. घ्यायला निघालोच होतो. त्याच गल्लीत दोन खोल्यांचं अख्खं घर दहा हजारांत होतं, आणि आमच्या तीन कॉटच्या एका खोलीचे मालकाला साडेएकोणीस हजार मिळतात! पण घरमालकानं ‘स्टुडंट’ ऐकलं आणि साखळी न काढता दारातूनच सांगितलं, फॅमिलीलाच देतो. थोडं पुढे गेल्यावर कळलं की कोपऱ्यावरचं हॉस्टेलही याच गृहस्थांचं.

शेवटी भाच्याला ठेवलं तिथेच, त्या फळीखाली. आईबापानं वर्षाच्या क्लासची फी आधीच भरलेली, परत नेणार कुठे? एवढंच केलं की रोख न देता पन्नास हजार बँकेतून पाठवले आणि शेऱ्यात ‘हॉस्टेल फी, जून ते मे’ लिहिलं. मालकाला ते अजिबात आवडलं नाही. दोनदा फोन करून म्हणाला, पुढचा हप्ता रोखच आणा. दिवाळीला बघतोच त्याच्याकडे.