खुलासा : भेकाचं विष आणि नागाचं विष

“अंगणात येणारा खरखरीत बेडूक नागासारखाच विषारी असतो, चावला तर माणूस दगावतो. मुलांना सांगा.” (नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज)

हा बेडूक म्हणजे भेक, आणि त्याला दातच नसतात. घोळ मराठीतल्या ‘विषारी’ या एकाच शब्दाचा आहे. वर्गात मी दोन शब्द वापरते : विष टोचणारा आणि विष बाळगणारा.

नाग टोचणारा. त्याच्या विषग्रंथीतून नळी थेट दातापर्यंत येते. दंश झाला की विष रक्तात जातं, मज्जातंतूंचे संदेश अडतात आणि श्वास बंद पडू शकतो.

भेक बाळगणारा. गोदाकाठी पावसाळ्यात दिसला तर हात न लावता डोळ्यांमागे पाहा, दोन लांबट फुगवटे दिसतील. त्या ग्रंथी. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं की त्या दाबल्या जातात, पांढरट चीक सुटतो, कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. जास्त चीक पोटात गेला तर हृदयाची लय बिघडते. शिजवूनही हे विष जात नाही. मुलांनी भेक हाताळलाच तर डोळे न चोळता साबणाने हात धुवावेत, एवढं पुरे. त्याने चामखीळही येत नाही.

मग विंचू? नांगीने टोचतो, म्हणजे नागाच्या गटात. दिवड कोणत्याच गटात नाही, ती चावली तरी विषबाधा होत नाही. उलट ती भेकालाही गिळते. म्हणजे ‘विषारी’ हेसुद्धा खाणारा कोण त्यावर ठरतं.